उभ्या चौकटीत एकच माणूस

आमची ही गेली त्याला वर्ष व्हायला आलं तेव्हा सूनबाईनं खानावळ पुन्हा उघडायची म्हणून विषय काढला. मी म्हटलं, उघड, मी कशाला आडवा येऊ. पण तिच्याशिवाय ती चूल पेटवायची नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, आता आई कुठून आणू?" मी म्हटलं, फोटोतून आण. जिथं जिथं खानावळीचं नाव जाईल तिथं ती दिसली पाहिजे. एवढी एकच अट घातली. साधी वाटली मला. भिंतीवर फोटो लावायचा असतो तसं काहीतरी असणार, असं मी धरून चाललो.

मी चौथीपर्यंत शिकलो. नंतर आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाड्यांतले नारळ उतरवले, गुडघे गेले तसा घरी बसलो. खानावळ हिची. मांडव्याला बोटीनं उतरणारी मुंबईची माणसं रिक्षा करून आमच्या मागच्या पडवीत जेवायला यायची. मासळी आणि तांदळाची भाकरी. पाटी नव्हती, नाव नव्हतं. विचारत विचारत यायची आणि ढेकर देत जायची. आता सूनबाईचं म्हणणं असं, की विचारत कुणी येत नाही, फोनवर बघून येतात. बरं बाबा, फोन तर फोन.

हिचे फोटो घरात तसे बरेच. पण सगळ्या फोटोंत ही कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की फौजदारापुढं उभी केल्यासारखी. हात ताठ, ओठ मिटलेले. खरी ही एकाच फोटोत होती. एका पाहुण्यानं मोठ्या कॅमेऱ्यानं काढून नंतर पाठवलेला. आडवा फोटो. डाव्या टोकाला चुलीपुढं ही खाली बसलेली, हातावर अर्धी थापलेली भाकरी, डोक्यावर पदर, आणि मान वळवून उजवीकडं रागानं बघतेय. उजव्या टोकाला भिंतीला टेकून मी, बशी तोंडाला लावलेली. मी चहाचा फुरका मारला होता आणि ही म्हणत होती, "अवो, फुरके मारू नका, पाव्हणं जेवत्यात." तेवढ्यात त्या माणसानं बटण दाबलं. आमच्या दोघांच्या मधे अख्खं अंगण, कॅमेऱ्याच्या पुढ्यात आलेली एक कोंबडी आणि लाकडांची रास.

ती रास झाकलेली होती एका फ्लेक्सनं. आमच्याकडं पुढाऱ्याचा वाढदिवस झाला की फ्लेक्स उतरवायला माणूस येण्याआधी गाव पोचतं. कुणी गोठ्याला लावतं, कुणी होडीवर टाकतं. हा फ्लेक्स हिनं स्वतः सोडवून आणला होता. लाकडांवर तो ओढून घेताना म्हणाली होती, "कधी न्हाय तो कामाला आला." फोटोत फ्लेक्सवरचे साहेब बरोबर मध्यभागी होते. हात जोडून, सगळे दात दाखवत, अंगाखाली आमची आंब्याची फाटी.

सूनबाईनं अलिबागची एक मुलगी ठरवली. ती हॉटेलांची, घरगुती खोल्यांची फोनवरची कामं करते. चांगली पोरगी, भराभर बोलते आणि भराभर बोटं चालवते. पडवीत बसून तिनं मला सगळं समजावलं, म्हणजे समजावल्यासारखं केलं.

"काका, प्रत्येक ठिकाणचं माप वेगळं असतं. एका ठिकाणी चौकोनी लागतो, एका ठिकाणी उभा, एका ठिकाणी एकदम आडवा पट्टा. आणि नावाशेजारी गोल."

"एकाच फोटोचं?"

"एकाच. आपण एक टाकायचा, मशीन सगळ्या मापांचं कापून देतं आणि सगळीकडे एकदम लावतं."

"आणि कुठं कापायचं ते कोण ठरवतं?"

"तेच ठरवतं. फोटोत चेहरा कुठे आहे ते शोधतं आणि तो धरून बाकीचं कापतं. चेहरा नसला तर सरळ मधला भाग ठेवतं."

मला ते पटलं. माणसाचं तोंड वाचवून बाकीचं कापायचं, हे आमच्या गावातल्या न्हाव्यालाही जमत नाही. सूनबाईनं आडवं माप पडद्यावर बघितलं, त्यात आम्ही दोघं होतो. म्हणाली, मस्त. बाकीची मापं कुणी उघडून बघितली नाहीत. वर मजकूर होता, "आईंच्या आठवणीत. त्याच हातची भाकरी, पुन्हा तुमच्या ताटात." सकाळी ते सगळीकडं एकदम गेलं.

मशीननं आपलं काम चोख केलं होतं, त्याला मी नाव ठेवणार नाही. त्याला चेहरा शोधायला सांगितला होता. हिचा चेहरा बाजूनं, खाली झुकलेला, वर पदर. तो त्याच्या हिशेबात चेहराच नव्हता. माझ्या तोंडापुढं बशी. राहिलं कोण? समोर बघणारा, उजेडात हसणारा, मोठा ढळढळीत चेहरा एकच. साहेब.

चौकोनी फोटोत साहेब आणि फाटी. उभ्या फोटोत नुसते साहेब, खालपासून वरपर्यंत. गोलात साहेबांचं तोंड, आमच्या खानावळीचा शिक्का म्हणून. आणि ज्या आडव्या पट्ट्यात आम्ही दोघं वाचलो होतो, तिथंही मशीननं साहेबांच्या डोक्याची उंची धरून खालचा भाग छाटला होता. ही खाली बसलेली, म्हणून हिचे हात, भाकरी, तवा, सगळं गेलं. खांद्यापासून वर तेवढी राहिली. जमिनीत पुरून ठेवल्यासारखी. घाईत बघणाऱ्याला ते दिसलंही नसतं, आणि आमच्या घरात त्या दिवशी सगळेच घाईत होते.

दुपारपर्यंत फोन वाजत राहिला. सूनबाईला वाटलं खानावळ चालली. उघडून बघते तर खाली ओळीनं हात जोडलेले आणि "भावपूर्ण श्रद्धांजली". वरती साहेबांचा हसरा चेहरा आणि "आठवणीत" असा शब्द, लोकांनी पुढचं आपापल्या मनानं वाचलं. कुणी लिहिलं होतं, असा नेता होणे नाही. कुणी लिहिलं, कालच भेट झाली होती, विश्वास बसत नाही. त्यातल्या त्यात डोकं ठिकाणावर असलेला एकजण होता, त्यानं विचारलं, साहेब भाकऱ्या कधीपासून थापायला लागले? त्याच्याखाली दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं की हाताची सफाई जुनीच आहे.

मला या सगळ्याचं हसू यायला पाहिजे होतं. आज येतं. त्या वेळी मी फोन हातात घेऊन बोटानं तो फोटो डावीकडं सरकवायला बघत होतो, म्हटलं बाजूला असेल ही. सूनबाई म्हणाली, "बाबा, बाजूला काही नाही. कापला म्हणजे कापला." मी तरी दोनतीनदा सरकवलाच.

साहेबांचा कार्यकर्ता मोटारसायकलवरून आला तो घामाघूम. आमच्याच गावचा, लहानपणी हिच्या हातचं जेवून मोठा झालेला.

"काका, ह्ये काय केलंत? साहेब जित्तं हायत."

"आसू देत की. मी कुठं मारले?"

"सगळीकडं फिरतंय. तालुक्यातनं फोन येत्यात, अंत्ययात्रा किती वाजता म्हणून. दोघं जण हार घेऊन बंगल्यावर पोचलं पण."

"मग हार ठेवून घ्या म्हणावं. साहेब हाराला न्हाय म्हणतात काय कधी?"

त्याला हसू आलं, ते त्यानं गिळलं. मग त्याचं लक्ष अंगणातल्या राशीकडं गेलं. फ्लेक्स तिथंच होता, साहेबांच्या एका गालावर कोंबडी बसलेली.

"साहेबांना लाकडावर टाकलंय?"

"तुझ्या काकीनं टाकलं. तुझ्या साहेबांनी या घरासाठी केलेलं तेवढंच एक काम. दोन पावसाळे लाकूड भिजलं न्हाय. तू काढायला आलास तर काढ, पण मग लाकडांवर तू झोप."

तो थोडा वेळ कोंबडीकडं बघत राहिला. जाताना पायरीवर थांबून म्हणाला, "काकीचा फोटो लावायचा व्हता ना तुम्हाला?" मी म्हटलं, व्हय. म्हणाला, "तिचाच लावा मग." आणि गेला. माणूस वाईट नाही, धंदा वाईट आहे.

सूनबाईनं सगळं उतरवलं. अलिबागची मुलगी संध्याकाळी आली, चेहरा पडलेला. म्हणाली, "काका, माझी चूक. मी प्रत्येक माप उघडून बघायला पाहिजे होतं." मी म्हटलं, चूक तुझी न्हाय, साहेबांच्या तोंडाची हाय, ते कुठंही दिसतं. पण आता आपण बसू आणि एकेक माप माझ्यासमोर काप. तिनं लॅपटॉप चुलीजवळच्या पाटावर ठेवला. मी माझ्या जागेवर बसणार होतो, पण तिथून पडदा दिसेना. म्हणून मी हिच्या जागेवर बसलो. वर्षभरात पहिल्यांदा. कुणाच्या लक्षात आलं नाही.

आडवा पट्टा लगेच झाला. फोटोवर एक चौकट होती, ती तिनं बोटानं खाली ओढली. साहेबांचं कपाळ कापलं गेलं, हिचे हात परत आले, तवा आला, भाकरी आली. मी म्हटलं, ठेव. चौकोनाला अडचण आली. चौकोन हिच्यावर नेला की मी बाहेर, माझ्यावर आणला की ही बाहेर. मधे ठेवला की दोघंही बाहेर आणि साहेब आत.

"तुम्ही दोघं फार लांब बसलात काका," ती म्हणाली.

चाळीस वर्षं तशीच बसत होतो, आता या पोरीला काय सांगू.

"चौकोनाला एक उपाय आहे. अख्खा फोटो ठेवायचा आणि वरखाली रिकामी पट्टी सोडायची."

तसं केलं. शेणानं सारवलेल्या जमिनीच्या रंगाच्या पट्ट्या दिल्या तिनं वरखाली. बरं दिसलं. दोघं दिसत होतो, जरा बारीक, पण ओळखू येत होतो. मग उभ्याची पाळी आली. सूनबाई म्हणाली, "बाबा, हाच खरा महत्त्वाचा. लोक फोन उभा धरतात. सगळे याच्यावरूनच येतात." उभ्यात अख्खा फोटो बसवला तर मधे चार बोटांची चिंधी आणि वरखाली नुसती जमीन. मी फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला, चष्मा पुसला. दोघं होतो, पण दिसत कुणीच नव्हतं. ही म्हणजे एक ठिपका, मी म्हणजे एक ठिपका, आणि दोघांपेक्षा कोंबडी मोठी.

"थांबा," मुलगी म्हणाली, "वरखालची जागा मशीनकडून भरून घेता येते. फोटो जणू मोठा होता असं ते स्वतः काढतं."

"पण दोघं बारीकच राहणार ना?"

"आधी तुम्हाला जवळ आणते आणि मग भरते."

बोटं चालली. बघतो तर काय, मी हिच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसलेलो, लग्नातल्या फोटोसारखा. वरती मशीननं स्वतःच्या मनानं एक खिडकी काढली होती, तिच्यात निळा समुद्र. आमच्या पडवीतून समुद्र दिसत नाही, शेजाऱ्याची संडासाची टाकी दिसते. खाली दुसरा तवा मांडला होता आणि त्या तव्यावर भाकरी धरायला हिला अजून एक हात दिला होता. तिसरा.

सूनबाई म्हणाली, "आईंना खरंच लागला असता."

यावर आम्ही तिघंही हसलो. मला वाटतं हिच्यानंतर त्या पडवीत पहिल्यांदा. पण हसू ओसरल्यावर मी पडद्याकडं बघितलं, तर ही माझ्या शेजारी बसून माझ्या पलीकडं कुठंतरी रागानं बघत होती. मी शेजारी, आणि राग भलत्याकडंच. मी म्हटलं, हे पुसून टाक. भाकरी थापताना ही मला जवळ फिरकू द्यायची नाही. म्हणायची, पीठ उडतं, आणि तुम्ही बोलत ऱ्हाता. लांब बसवायची ते उगीच नाही.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर असतो. सूनबाईनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, आमच्याकडे पण असंच. डब्याचं माप ठरलेलं. माल त्यात बसवायचा, मालासाठी डबा कुणी वाढवत नाही."

मी म्हटलं, "माल हाय काय ती?"

मग म्हणाला, "नाही बाबा." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "पण डबा तेवढाच आहे."

खोटं काही बोलला नाही तो. मला राग कुणावर काढायचा तेच कळेना. मशीनला आमची माहिती नव्हती, मुलीची चूक मी आधीच माफ केलेली, साहेब सापडणारे नव्हते. जगानं फोन उभा धरायचं ठरवलं ते मला विचारून नाही. विचारलं असतं तर म्हटलं असतं, आडवा धरा, घरात दोन माणसं असतात.

"काका, उभ्यात एकच माणूस नीट दिसेल," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "मी इथे एक खूण ठेवते. मशीनला सांगायचं की चेहरा शोधू नकोस, ही खूण सोडू नकोस. कुठे ठेवू?"

तिला खरंच माहीत नव्हतं की काय, कुणास ठाऊक. सूनबाई माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "भाकरीवर ठेव. भाकरीला धरून काप. मला काढ."

"तुम्हाला पूर्ण?"

"पूर्ण. अर्धा ठेवून काय करतेस."

तिनं खूण ठेवली. चौकट सरकत डावीकडं गेली. मी गेलो, माझी भिंत गेली, बशी गेली. साहेबही जवळजवळ गेले, त्यांचं एक कोपर मात्र उजव्या कडेला राहिलं. मधे ही. पहिल्यांदा एवढी मोठी. कपाळावरचं पीठ दिसत होतं. ते मी प्रत्यक्षातही कधी बघितलं नव्हतं, लांब बसायचो ना. मुलगी म्हणाली, खालच्या बाजूला फोनची बटणं येतात, तवा त्यांच्याखाली झाकला जाईल. म्हणून तिनं खाली जमिनीच्या रंगाची थोडी पट्टी घातली आणि तवा वर उचलून घेतला. हे तिनं न सांगता केलं, त्याचं मला बरं वाटलं. कोपर पुसू का म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे. लाकडं कोरडी होती म्हणून चूल पेटली. एवढं श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.

गोलासाठी नुसती भाकरी ठेवली. गोलच होती.

यावेळी सगळी मापं मी एकेक उघडून बघितली. मग सूनबाईनं पाठवली. खानावळ सुरू झाली. माणसं येतात. सूनबाईच्या भाकरीला अजून कडा चिरतात, पण मुंबईच्या माणसांना ते कळत नाही, त्यांना वाटतं ती पद्धत आहे. साहेबही आहेत, जिवंत आणि लाकडांवर.

परवा एक बाई आली होती, नवऱ्याबरोबर, हरिहरेश्वरवरून परत जाताना. जेवण झालं, तिनं फोन काढला, पडवी बघितली, फोटो बघितला, पुन्हा पडवी बघितली. मग मला विचारलं, "आजोबा, याच ना त्या आजी? खूप आवडला हा फोटो. पण त्या चिडल्यात कुणावर? बाजूला तर कुणीच नाही."

मी माझ्या जागेवर, भिंतीला टेकून. हातात चहा होता. मी म्हटलं, "फोन घेऊन तिकडं चुलीपाशी बसा."

ती उठली, चुलीपाशी जाऊन बसली. भली बाई. का म्हणून तिनं विचारलं नाही.

"आता तो उभाच धरा. तोंड माझ्याकडं करा त्याचं. थोडा तिरका. हां."

तिनं धरला. एवढ्या लांबून मला काही दिसत नव्हतं, उजेडाचा एक तुकडा दिसत होता. पण तिकडून इकडं बघितल्यावर काय दिसत असेल ते मला ठाऊक होतं. मी चहा बशीत ओतला आणि चांगला मोठा फुरका मारला.

पाहुणे जेवत होते. कुणीच काही बोललं नाही.